गळकी गच्ची: वॉटरप्रूफिंगची पद्धत, कॉन्ट्रॅक्टर आणि वॉरंटी कशी निवडायची

मे महिन्याच्या शेवटी घाईघाईने कॉन्ट्रॅक्टर बोलवायचे, तीन कोटेशनं समोर ठेवायची, चौरस फुटाचा सगळ्यांत कमी दर आणि सगळ्यांत जास्त वर्षांची गॅरंटी पाहून सही करायची. गच्चीचं काम बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. दर आणि वर्षं हे दोन्ही आकडे सगळ्यांत शेवटी बघायचे असतात. त्याआधी पाणी कुठून येतं, जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा उताराचा थर, कसा आहे आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा नेमका किती जाडीचा थर बसणार, एवढं कळलं पाहिजे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. पुण्यातली चार मजली इमारत, वय २२ वर्षं. गच्ची ५० बाय ४० फूट, तिच्या मध्ये २० बाय १० फुटांची जिन्याची खोली. स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा, त्यावर चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांचं चायना मोझॅक. वरच्या मजल्यावरच्या दोन फ्लॅटमध्ये गळती. ही उघड्या, सपाट गच्चीची गोष्ट आहे. टेरेस गार्डन किंवा तळघर यांचे नियम वेगळे.

टप्पा १: कॅलेंडर उलटं मोजा

मान्सून पुण्यात साधारण १० जूनला आणि मुंबईत ११ जूनला पोचतो, असं सरासरी तारखा सांगतात. पण २०२५ मध्ये तो मुंबईत २६ मेलाच दाखल झाला, आणि पुण्या-कोल्हापुराकडे वळीव तर त्याच्याही आधी झोडपून जातो. म्हणून काम संपण्याची तारीख १५ मे धरा आणि तिथून मागे मोजा.

पाणी भरून चाचणी आणि तिच्यातून निघालेली दुरुस्ती यांना दहा दिवस लागतात. कोटिंग पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा. कोट मारायला चार-पाच दिवस. कोब्याचे तुकडे नव्याने घालायचे असतील तर ते भिजवायला दहा दिवस आणि वाळायला आणखी दोन-तीन आठवडे. म्हणजे तोडफोड मार्चच्या मध्यावर सुरू झाली पाहिजे, आणि त्यासाठी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची मंजुरी फेब्रुवारीत मिळालेली हवी. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती दुरुस्त करणं हा सोसायटीचा खर्च आहे, पण व्यवस्थापक समितीच्या खर्चाला मर्यादा असते आणि गच्चीचं काम सहसा ती ओलांडतं. ही सभा लांबली की पुढचं सगळं कोसळतं.

मार्च-एप्रिलला आणखी एक कारण आहे. तोवर कोब्यात मुरलेलं गेल्या पावसाळ्याचं पाणी बऱ्यापैकी सुकलेलं असतं. दिवाळीच्या आसपास गच्ची वरून कोरडी दिसते, आत मात्र ओल शिल्लक असते.

सावधान: २० मे उलटून गेला असेल तर जुना कोबा फोडायला कोणालाही परवानगी देऊ नका. फोडलेल्या, उघड्या स्लॅबवर पहिला पाऊस पडला की आधी दोन फ्लॅट गळत होते, तिथे चार गळतील. अशा वेळी पाइपांची तोंडं साफ करा, मोठे तडे भरा, कठडा आणि गच्ची मिळतात तिथल्या गोलाकार कडा, म्हणजे वाटा, दुरुस्त करा, गळणाऱ्या भागावर ताडपत्री उतारासह पक्की बांधा. खरं काम पावसाळ्यानंतर, कोबा सुकल्यावर.

टप्पा २: गळती गच्चीचीच आहे का?

छतावर ओल दिसली म्हणजे दोष गच्चीचा, असं धरून चालू नका. ओल कधी येते यावरून पुष्कळ कळतं.

उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर संशय वरच्या टाकीवर, टाकीतून उतरणाऱ्या पाइपांवर किंवा सोलर हीटरच्या जोडणीवर घ्यायचा. जोराचा पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या-एक तासात थेंब पडायला लागले तर पाण्याला सरळ वाट आहे: स्लॅबचा तडा किंवा पावसाच्या पाइपाभोवतीची फट. पाऊस थांबून चार दिवस झाले तरी टपटप चालूच असेल तर कोबा स्पंजासारखा भिजला आहे आणि सावकाश पाणी सोडतो आहे. ओल छताच्या मध्ये नसून भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात असेल तर आधी कठडा बघा. कठड्याच्या प्लास्टरमधून शिरलेलं पाणी कोब्याखाली उतरतं आणि गच्चीवर कितीही कोट मारले तरी थांबत नाही.

हे तपासायला सगळ्यांत चांगला काळ म्हणजे पावसाळाच. डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा, फोटो काढा. पुढच्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तसंच करा. दोन-तीन रेघा झाल्या की ओल कुठल्या दिशेने पसरते ते दिसतं. मग त्या खोलीच्या भिंतींपासून मोजून ती जागा गच्चीवर खडूने आखा. मात्र पाणी कोब्याखालून वाहत येऊन दूरच्या तड्यातून उतरू शकतं, त्यामुळे ठीक वर दोष सापडेलच असं नाही. चढाच्या बाजूला आठ-दहा फूट पुढेही बघा.

तपासा: छताचं प्लास्टर फुगून पडत असेल, गंजलेली सळई उघडी दिसत असेल किंवा तपकिरी ओघळ असतील तर वॉटरप्रूफिंगच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करणं उपविधींमध्येच आहे, आणि उदाहरणातली २२ वर्षांची इमारत त्यातच बसते. गंजलेल्या सळया तशाच ठेवून वरून गच्ची बंद केल्याने छत सुरक्षित होत नाही.

टप्पा ३: कोबा वाजवून बघा, ओल मोजा

हातोडीच्या मागच्या बाजूने किंवा जाड काठीने गच्ची दर दोन फुटांवर ठोकत जा. घट्ट बसलेला कोबा टणक, बंद आवाज देतो. स्लॅबपासून सुटलेला कोबा रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा बोलतो, आणि हा फरक अनोळखी कानालाही दहा मिनिटांत कळायला लागतो. पोकळ जागा खडूने घेरून टाका. अशा जागा हटकून सापडतात त्या पाइपांच्या तोंडाशी, कठड्याच्या कडेला आणि टाकीच्या पायांभोवती.

मग उतार. चार-पाच बादल्या पाणी वेगवेगळ्या ठिकाणी ओता आणि अर्ध्या तासाने बघा. उतार किमान १०० ला १ हवा, म्हणजे १० फुटांत सव्वा इंच. तळी कुठे साचतात त्याभोवतीही खडू फिरवा.

शेवटी ओल. पाणी पूर्ण वाळल्यावर, म्हणजे तीन-चार दिवसांनी, दीड फूट बाय दीड फूट पारदर्शक प्लास्टिकचे तीन-चार तुकडे गच्चीवर वेगवेगळ्या जागी ठेवा. चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि किमान १६ तास तसेच राहू द्या. दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला बारीक थेंब धरलेले दिसले, किंवा खालची फरशी काळपट झाली, तर कोब्यात ओल आहे. त्यावर आज कोट मारला तर उन्हाने आतलं पाणी वाफ होऊन वर येईल आणि कोटिंगला फोड येतील. फोड फुटला की तिथून पुन्हा पाणी आत.

उदाहरणातल्या गच्चीवर समजा पोकळ जागा दोन पाइपांभोवती मिळून ६० चौरस फूट निघाल्या, एका कोपऱ्यात तळं साचतं, बाकी कोबा घट्ट आहे. पुढचे सगळे निर्णय या खडूच्या नकाशावर ठरतात. नकाशाचा फोटो कोटेशन मागताना प्रत्येक कॉन्ट्रॅक्टरला द्या.

टप्पा ४: पद्धत निवडा

*नवा ब्रिकबॅट कोबा.* जुना फोडून स्लॅबपर्यंत जायचं, स्लॅबचे तडे भरायचे, सिमेंट-पॉलिमरचा कोट द्यायचा आणि उतार काढत विटांचे तुकडे सिमेंटच्या मालात बसवायचे. कोबा मोठ्या प्रमाणावर पोकळ असेल किंवा उतारच चुकलेला असेल तर याला पर्याय नाही. आपला ठोकताळा असा ठेवा: पाव गच्चीपेक्षा जास्त भाग पोकळ वाजला तर पूर्ण काढा, त्याहून कमी असेल तर तेवढेच तुकडे काढून नव्याने भरा.

सावधान: "जुना राहू द्या, वरूनच नवीन कोबा टाकतो" असं कोणी म्हणालं तर थांबा. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला सुमारे २०० किलो होतं. वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब माणसं आणि सामान यांच्यासाठी चौरस मीटरला साधारण १५० किलो चल भार धरून बांधलेला असतो. म्हणजे उदाहरणातल्या १,८०० चौरस फुटांवर तुम्ही ३३ टनांचं कायमचं ओझं चढवणार, आणि ते २२ वर्षं जुन्या स्लॅबवर. इंजिनिअरच्या लेखी होकाराशिवाय हे करायचं नाही. फोडलेला राडारोडाही गच्चीवर एका जागी ढीग करून ठेवू देऊ नका, रोजच्या रोज खाली उतरवा. फोडायला मोठा ब्रेकर नको. त्याच्या हादऱ्याने स्लॅबला नवे तडे जातात.

*लवचीक कोटिंग.* उन्हात उघडं राहणार असेल तर अ‍ॅक्रिलिक किंवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. अ‍ॅक्रिलिक स्वस्त आणि लावायला सोपं, पण पाणी दिवसेंदिवस साचून राहिलं तर ते मऊ पडून सुटू लागतं. तळं साचणाऱ्या गच्चीवर आधी उतार सुधारा किंवा पीयू घ्या. दोन घटक मिसळून लावायचं सिमेंट-पॉलिमर कोटिंग कोब्याखाली किंवा फरशीखाली उत्तम, उन्हात उघडं ठेवण्यासाठी नाही. तरी तेच गच्चीवर वरून मारून दिल्याची कामं दिसतात, आणि दोन उन्हाळ्यांत त्यावर केसासारख्या भेगा पडतात.

*एपीपी मेम्ब्रेन.* डांबराचे तीन-चार मिमी जाड रोल गॅसच्या ज्योतीने तापवून चिकटवायचे. तडे झाकायला ताकदवान, पण पाइप, टाकीचे पाय, सोलरचे स्टँड अशा अडथळ्यांनी भरलेल्या गच्चीवर कापाकापी वाढते आणि प्रत्येक जोड ही नवी कमकुवत जागा होते. एका ठिकाणी भोक पडलं की पाणी खालून कुठेही पसरतं आणि भोक शोधता शोधता नाकी नऊ येतात. वावर असेल तर वर संरक्षक थर लागतो.

स्लॅबच्या तड्यात खालून किंवा वरून दाबाने ग्राउट, म्हणजे तडे भरायचा पातळ माल, भरणं ही जोड-उपाययोजना आहे. ते करून झालं की गच्चीला दुसरं काही लागत नाही, हा दावा मान्य करू नका.

उदाहरणात निर्णय सरळ आहे: ६० चौरस फूट कोबा काढून नव्याने, त्याच वेळी कोपऱ्याचा उतार दुरुस्त, आणि मग पूर्ण गच्चीवर उघडं राहू शकणारं लवचीक कोटिंग.

टप्पा ५: एकच कामाची यादी द्या, मग कोटेशन मागा

प्रत्येक कॉन्ट्रॅक्टर आपापल्या पद्धतीने मोजतो, म्हणून तीन कोटेशनं शेजारी ठेवली तरी तुलना होत नाही. मोजमाप तुम्ही करा आणि सगळ्यांना तेच द्या.

उदाहरणात मोकळी गच्ची २,००० वजा २०० म्हणजे १,८०० चौरस फूट. कोटिंग कठड्यावर आणि जिन्याच्या खोलीच्या भिंतीवर एक फूट वर चढलं पाहिजे. कडांची लांबी १८० अधिक ६० म्हणजे २४० फूट, तेवढेच चौरस फूट वाढले. एकूण २,०४० चौरस फूट, म्हणजे सुमारे १९० चौरस मीटर. जिन्याच्या खोलीचं छत, आणखी २०० चौरस फूट, वेगळी बाब म्हणून लिहा. ते हमखास विसरलं जातं आणि मग जिना गळत राहतो.

या यादीत कोट किती हे विचारू नका. वाळल्यावर जाडी किती मिमी, हे विचारा. "तीन कोट" याला काहीच अर्थ नाही, कारण पाणी घालून पातळ केलेले तीन कोट एका दाट कोटाइतकेही भरत नाहीत. जाडी डब्यांवरून पकडता येते. एक चौरस मीटरवर एक लिटर पसरलं की ओला थर बरोबर एक मिमी होतो. त्यातला जो भाग उडून जात नाही, म्हणजे घनफळानुसार घन पदार्थाचं प्रमाण, ते कंपनीच्या तांत्रिक माहितीपत्रकात छापलेलं असतं. समजा ते ६० टक्के आहे आणि वाळलेली जाडी १.२ मिमी हवी आहे. मग १.२ भागिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला २ लिटर. १९० चौरस मीटरला ३८०, खडबडीत पृष्ठभागासाठी १० टक्के जास्त धरून ४१८ लिटर. वीस लिटरचे २१ डबे. डबे किलोत असतील तर माहितीपत्रकातल्या घनतेने भागून आधी लिटर काढा.

आता दोन कोटेशनं बघा. आकडे फक्त हिशेब दाखवायला घेतले आहेत, बाजारभाव म्हणून धरू नका.

पहिला म्हणतो: ४० रुपये चौरस फूट, तीन कोट, दहा वर्षं गॅरंटी. बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की वाटा आणि कठडा फुटाला ६० रुपये वेगळे, तडे भरणं फुटाला ५० रुपये वेगळं, जीएसटी वेगळा. म्हणजे गच्चीचे ७२,०००, वाटांचे १४,४००, समजा १५० फूट तड्यांचे ७,५००. बेरीज ९३,९००, आणि १८ टक्के जीएसटी धरून १,१०,८०२.

दुसरा म्हणतो: ५८ रुपये, २,०४० चौरस फुटांना, वाटा, तडे आणि जीएसटी धरून, वाळलेली जाडी १.२ मिमी, पाच वर्षं वॉरंटी. एकूण १,१८,३२०.

दरात १८ रुपयांचा फरक दिसत होता, प्रत्यक्षात एकूण फरक साडेसात हजारांचा. आता पहिल्याला विचारा, डबे किती आणणार? तो आठ म्हणाला तर १६० लिटर, चौरस मीटरला ०.८४ लिटर, वाळल्यावर अर्धा मिमी. त्याची दहा वर्षं या अर्ध्या मिमीवर उभी आहेत. कोब्याच्या ६० चौरस फुटांचा दर दोघांकडूनही वेगळा घ्या, म्हणजे तुलना गढूळ होणार नाही.

एपीपीसाठीही अशीच मोजणी होते. रोल एक मीटर बाय दहा मीटर, पण बाजूला १०० मिमी आणि टोकाला १५० मिमी जोड गेल्यावर हातात पडतात पावणेनऊ ते नऊ चौरस मीटर. १९० ला २२ रोल, कापाकापी धरून २३-२४. कोटेशनमध्ये १९ रोल असतील तर जोड नीट देणार नाहीत, किंवा कठड्यावर चढवणार नाहीत.

तपासा: कंपनी, उत्पादनाचं पूर्ण नाव, डब्यांची संख्या, वाळलेली जाडी, प्रायमर, जाळी आणि काम कुठल्या क्रमाने होणार, हे कोटेशनवर लिहिलेलं नसेल तर ते कोटेशन अजून अपुरं आहे.

टप्पा ६: कॉन्ट्रॅक्टरची जुनी गच्ची बघा

नुकत्याच झालेल्या कामाचे फोटो प्रत्येकाकडे असतात आणि ते सगळे चकचकीत असतात. किमान तीन पावसाळे काढलेल्या दोन गच्च्यांचे पत्ते मागा आणि स्वतः चढून बघा. मधला भाग बघण्यात वेळ घालवू नका. पाइपाच्या तोंडाशी गुडघ्यावर बसा आणि कोटिंग पाइपाच्या आत गेलं आहे की कडेलाच संपलं आहे ते पाहा. नखाने कड उचलते का? कठड्याच्या कोपऱ्यात, म्हणजे दोन भिंती आणि फरशी मिळतात त्या बिंदूत, भेग आहे का? मग खाली उतरून वरच्या मजल्यावरच्या माणसांना एकच प्रश्न विचारा: तक्रार केल्यावर किती दिवसांनी माणूस आला?

तुमच्या गच्चीवर एक चौरस फुटाचा नमुना मारून घ्या. चायना मोझॅकच्या चकचकीत तुकड्यांवर कोटिंग धरत नाही, ही फार नेहमीची फसगत आहे. ग्राइंडरने किंवा तारेच्या ब्रशने घासून, योग्य प्रायमर लावून नमुना तयार करायला सांगा. सात दिवसांनी ब्लेडने फुलीची चीर द्या आणि टोक धरून ओढा. पापुद्रा अखंड निघून आला तर पृष्ठभागाची तयारी किंवा माल बदलायला हवा.

टप्पा ७: वॉरंटीचा कागद काम सुरू होण्याआधी वाचा

वॉरंटी दोन प्रकारची असते आणि लोक दोन्ही एकच समजतात. कंपनीची वॉरंटी बहुधा मालापुरती असते: माल सदोष ठरला तर डबे बदलून मिळतील, मजुरी आणि खालच्या घराचं नुकसान नाही. शिवाय ती मिळवायला कंपनीने मान्य केलेला अ‍ॅप्लिकेटर, खरेदीचं बिल, बॅच नंबर आणि ठरलेली जाडी लागते. हे काम झाल्यावर जुळवता येत नाही, म्हणून कंपनीकडे आधीच विचारा. कॉन्ट्रॅक्टरची वॉरंटी कामाची असते. ती लेटरहेडवरच्या एका ओळीची नको, करारातच कलम म्हणून हवी.

त्या कलमात काय हवं? पहिलं, क्षेत्र: कठडा, वाटा, पाइपांची तोंडं, टाकीचे पाय नावाने लिहा. वॉरंटी "गच्चीच्या पृष्ठभागाला" असेल तर गळती मात्र पाइपाच्या तोंडातून होईल आणि तो हात वर करेल. दुसरं, मुदत आणि तोडगा: पावसात तक्रार केल्यापासून तीन दिवसांत येऊन तात्पुरता उपाय, आणि कोरडं पडल्यावर ठरलेल्या दिवसांत कायमची दुरुस्ती, माल आणि मजुरी दोन्ही त्याच्या खर्चाने. तिसरं, अपवाद. "साचलेल्या पाण्यामुळे झालेली गळती वगळून" हे वाक्य खोडायला लावा, कारण उतार त्याने तपासून काम घेतलं आहे. "स्लॅबला पडलेल्या नव्या तड्यांमुळे" हा अपवाद काही अंशी रास्त आहे, पण तो तडा नवा आहे हे कोण ठरवणार, ते लिहा. सोसायटीने नेमलेला इंजिनिअर ठरवेल, असं असलं तर वाद मिटतो.

एक अपवाद मात्र पूर्ण रास्त असतो: कोटिंगला कोणी भोक पाडलं तर वॉरंटी संपते. डिश अँटेनाचे बोल्ट, सोलरचे स्टँड, वाळवणाच्या दोरीचे खिळे यांनी कितीतरी चांगली कामं पहिल्याच वर्षी फुकट गेली आहेत. स्टँड काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवायचे आणि तसा ठराव करून सगळ्या सभासदांना कळवायचं.

पैसे वॉरंटीपेक्षा जास्त काम करतात. हप्ते असे पाडा: २० टक्के सुरुवातीला, ३० टक्के पृष्ठभागाची तयारी तुम्ही तपासल्यावर, ३० टक्के शेवटचा कोट झाल्यावर, १० टक्के पाण्याची चाचणी उत्तीर्ण झाल्यावर, आणि राहिलेले १० टक्के ३१ ऑक्टोबरला, पावसाळा गळतीशिवाय गेल्यावर. या शेवटच्या दहा टक्क्यांना अजिबात तयार नसलेला कॉन्ट्रॅक्टर पाच वर्षांच्या वॉरंटीवर सही करत असेल तर विचार करा.

टप्पा ८: कामाचा क्रम

क्रम चुकला की चांगला मालही वाया जातो. आधी पाइप, केबल, सोलर, टाकीची गळती अशी बाकीची सगळी कामं उरका. मग पोकळ कोबा काढा, नवा भरा, दहा दिवस पाणी ठेवून भिजवा आणि वाळू द्या. प्लास्टिकची चाचणी या नव्या तुकड्यांवर पुन्हा घ्या.

नंतर तडे. वरून नुसती पुट्टी फासू नका. तडा व्ही आकारात साधारण १० मिमी उघडा, धूळ फुंकून काढा आणि पॉलिमर मिसळलेल्या मालाने किंवा लवचीक सीलंटने भरा. दोन विंगांमधला एक्स्पान्शन जॉइंट सिमेंटने कधीही बुजवू नका. तो हलणारच. त्याला सीलंट आणि वरून पट्टी.

मग पाइपांची तोंडं. भोवतीचा फूटभर चौकोन दहा-पंधरा मिमी खाली घ्या, म्हणजे पाणी तिथे अडणार नाही. कठड्याच्या कडेने दोन-तीन इंचाच्या गोलाकार वाटा मारा, कारण काटकोनात कोटिंग ताणून फाटतं. कठड्याच्या आतल्या प्लास्टरचे तडेही याच वेळी भरा.

गच्ची धुऊन घ्या. इथे एक गोष्ट उलटसुलट होते: सिमेंट-पॉलिमर कोटिंगला पृष्ठभाग ओलसर, पण पाणी न साचलेला लागतो, पीयू आणि एपीपीला पूर्ण कोरडा. अ‍ॅक्रिलिकचं माहितीपत्रक बघा. प्रायमर वाळल्यावर वाटा, कोपरे आणि पाइपांभोवती पहिल्या ओल्या कोटात फायबरची जाळी दाबून बसवा. पुढचा कोट आधीच्या कोटाला आडवा मारा. एप्रिलच्या दुपारी गच्ची इतकी तापते की वरची साय लगेच धरते आणि आतलं ओलं राहतं, म्हणून काम सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी साडेचारनंतर.

तपासा: सीलबंद डबे आल्यावर मोजा, बॅच नंबरचे फोटो काढा. रिकामे डबे काम संपेपर्यंत गच्चीवरच ठेवायला सांगा आणि शेवटी पुन्हा मोजा. २१ ठरले होते, २१ रिकामे दिसले पाहिजेत. पहिला कोट राखाडी आणि दुसरा पांढरा घेतला तर कुठे सुटलं ते लांबूनही दिसतं.

टप्पा ९: पाणी भरून चाचणी

शेवटच्या कोटानंतर किमान सात दिवस थांबा. पाइपांची तोंडं बंद करा आणि सगळ्यांत उंच जागेवर २५ मिमी पाणी उभं राहील इतकं भरा. उतार १०० ला १ आणि अंतर २० फूट असेल तर पाइपाशी ते ८५ मिमी होईल. जिन्याच्या दाराचा उंबरा त्याहून उंच आहे ना, ते आधी मोजा, नाहीतर पाणी जिन्यातून उतरेल. उदाहरणातल्या गच्चीला साधारण ९,२०० लिटर लागतील, म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर. मे महिन्यात टँकर मिळवणं सोपं नसतं, त्यामुळे तारीख आधीच पक्की करा. मोठी गच्ची असेल तर मधे मालाचा बांध घालून अर्धी अर्धी तपासा.

पाणी ४८ तास ठेवा. भरताना कठड्यावर पातळीची खूण करा. पातळी उन्हाने थोडी उतरेल, खरी परीक्षा खालच्या छताची. पेन्सिलच्या जुन्या रेघांशी तुलना करा आणि दर बारा तासांनी फोटो घ्या. ओल दिसली तर पाणी सोडा, जागा शोधा, दुरुस्त करा, पुन्हा सात दिवस थांबून पुन्हा भरा. दुसरी चाचणी टाळायला कॉन्ट्रॅक्टर आढेवेढे घेतील, पण चौथ्या हप्त्याचे दहा टक्के नेमके याचसाठी अडवलेले आहेत.

सावधान: चाचणी झाली म्हणून खालच्या फ्लॅटचं छत लगेच रंगवू नका. स्लॅबमध्ये मुरलेली जुनी ओल बाहेर पडायला काही महिने लागतात आणि त्या काळात खार फुटून नवा रंग पोपडे धरतो. याचा अर्थ गळती चालू आहे असा नाही. डाग वाढतो आहे की जागीच आहे, ते रेघांवरून ठरवा. वाढत नसेल तर पावसाळाभर थांबा. दसऱ्यानंतर सैल प्लास्टर खरवडून, पृष्ठभाग कोरडा असल्याची खात्री करून रंग द्या.

टप्पा १०: पहिला पाऊस ते ३१ ऑक्टोबर

पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन तासांत गच्चीवर जा. पाइपांच्या जाळ्यांवर पानं अडकली आहेत का, पाणी अजून कुठे थांबलं आहे का, कोटिंगला फोड आले आहेत का, हे बघा. जुलैअखेर आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा. काही दिसलं तर फोनवर सांगून भागवू नका, तारखेसह फोटो पाठवून लेखी तक्रार करा, कारण वॉरंटीतले तीन दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टरला बोलवून त्याच्यासमोर गच्ची आणि दोन्ही फ्लॅटची छतं बघा, दोघांच्या सहीने नोंद करा, बॅच नंबर, बिलं आणि फोटो त्या नोंदीसोबत सोसायटीच्या फाइलला लावा, आणि मग शेवटच्या दहा टक्क्यांचा चेक द्या.